माळेआधी दवाखाना



आपल्यात एक वाक्य इतके सहज बोलले जाते की ते कोणी तपासून पाहत नाही. घरातला कर्ता माणूस मटक्याला लागला, दारू वाढली, बायकामुले हवालदिल झाली, की कोणीतरी वडीलधारे म्हणते, “त्याला पंढरपूरला न्या, माळ घाला, सगळे आपोआप सुटेल.” माझे भांडण या वाक्याशी आहे. माळेशी नाही. माळेने सुटलेली माणसे मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली आहेत. माळकऱ्याला कोणी ग्लास पुढे करत नाही, संध्याकाळी त्याला भजनाला बसायला जागा असते, चार माणसे त्याची वाट पाहतात. हा आधार फार मोठा आहे. पण आधार वेगळा आणि उपचार वेगळा. काही माणसांच्या बाबतीत उपचार आधी न करता माळ घातली तर माळ त्यांना वाचवत नाही, उलट धोक्यात घालते. ही माणसे कोणती आणि त्यांना कधी तातडीने डॉक्टरांकडे न्यायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

आपल्या शिरोड्याचेच उदाहरण घ्या. एका अंगाला समुद्र आणि मिठागरे, दुसऱ्या अंगाला रेडी, आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. पलीकडे दारू स्वस्त. पणजीत मांडवी नदीवर कॅसिनोची जहाजे उभी. गंमत अशी की २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना स्वतःच्याच राज्यातल्या कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. म्हणजे ज्यांच्या दारात हा बाजार आहे त्यांच्या सरकारला आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवावेसे वाटले, आणि दार मात्र आपल्यासारख्या शेजाऱ्यांसाठी उघडे राहिले. गावातला आकडा तर आहेच. मोबाईलवर पैसे लावून खेळायचे खेळ केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंद केले, पण परदेशातून चालणाऱ्या आणि नाव बदलून येणाऱ्या साइटी अशा कायद्याने एका दिवसात संपत नसतात.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणू. त्याला बाबल म्हणू. हा कोणी एक खरा माणूस नाही, पण अशी घरे तुम्हाला ठाऊक आहेत. वय बेचाळीस. छोटा टेम्पो, मासळी आणि आंब्याची भाडी. महिन्याकाठी सरासरी अठरा हजार हातात येतात, पावसाळ्यात त्याहून कमी. मुंबईला थोरला भाऊ, तो गणपतीला येतो आणि अधूनमधून पैसे पाठवतो. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यानंतर बाबलची झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची ती परत डोळा लागायचा नाही. सकाळी अंगात काही करण्याची ताकद नसायची. छातीत धडधडायचे, उगाच काहीतरी वाईट होणार असे वाटायचे. दशावतार पाहायला रात्र जागवणारा माणूस जत्रेलाही जाईना. घरच्यांनी म्हटले, आळशी झाला. खरे म्हणजे हे नैराश्य होते, आणि त्याच्या जोडीला चिंतेचा विकार. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन असे उदास राहिले, कशातच गोडी उरली नाही आणि झोप, भूक, कामधंदा बिघडला, तर तो आजार समजायचा असतो. तेव्हाच डॉक्टर गाठला असता तर पुढचे बरेच टळले असते.

बाबलने स्वतःच औषध शोधले. दुपारी वीस रुपयांचा आकडा लावला की ओपन फुटेपर्यंतचे दोन तास डोक्यात दुसरे काही नसायचे. धडधड नाही, बाबांची आठवण नाही, फक्त आकडा. आणि रात्री एक क्वार्टर घेतली की झोप लागायची. हे नीट समजून घ्या, माऊली, कारण इथेच आपला निवाडा चुकतो. आपण म्हणतो, पैशाच्या लोभाने खेळतो. सुरुवातीला लोभ असेलही. पण उदास माणूस बहुधा पैशासाठी खेळत नाही, मनाला बधिरता यावी म्हणून खेळतो. त्याची ओळख सोपी आहे. जिंकला तरी तो थांबत नाही. बाबलला एकदा जोडी लागली, हातात अठराशे रुपये आले, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळे परत बुकीकडे गेले. लोभी माणूस पैसे खिशात घालून घरी आला असता.

पैशाचा हिशेबही एकदा मांडून पाहू. एक आकडा लावला तर दहातला एक लागण्याची शक्यता, आणि बहुतेक ठिकाणी रुपयाला नऊ मिळतात. म्हणजे प्रत्येक वेळी लावलेल्या रुपयातले सरासरी दहा पैसे बुकीचे. दहा पैसे म्हणजे काही नाही असे वाटते. पण तेच पैसे फिरवून फिरवून लावले तर शंभराचे नव्वद होतात, नव्वदाचे एक्याऐंशी, आणि दहाव्या वेळी सरासरी पस्तीस रुपयेसुद्धा उरत नाहीत. खेळणारा हुशार की मूर्ख याचा इथे संबंधच नाही. धर्मराजाला कोणी मूर्ख म्हणत नाही. तरी त्याने राज्य लावले, भाऊ लावले, स्वतःला लावले, शेवटी द्रौपदी लावली. आणि सगळे परत मिळाल्यावर पुन्हा बोलावणे आले तर तो पुन्हा जाऊन बसला. गेलेले परत मिळवण्यासाठी आणखी लावणे, हीच या आजाराची मुख्य खूण आजचे डॉक्टरही सांगतात. कीर्तनात आपण ही कथा शेकडो वेळा ऐकतो आणि गावातल्या बाबलला मात्र नालायक म्हणून मोकळे होतो.

हरलेल्या रात्री दारू जास्त लागते. दारू जास्त झाली की दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते, कारण दारू झोप लावते पण नीट झोपू देत नाही, आणि काही तासांनी चिंता वाढवूनच उतरते. चिंता वाढली की परत आकडा. हे तीन वेगळे दुर्गुण नव्हेत, एकाच चरकाचे तीन लाट आहेत. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, जुगाराचा आजार झालेल्या शंभरांपैकी सुमारे त्र्याहत्तर जणांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार होता, सुमारे पन्नास जणांना नैराश्यासारखा मनाच्या भावावस्थेचा विकार आणि एक्केचाळीस जणांना चिंतेचा विकार होता. आकडे तिकडचे आहेत, पण आपल्या गावातल्या खेळणाऱ्यांकडे नीट पाहिले तर चित्र फार वेगळे दिसणार नाही. म्हणून फक्त जुगार सोडवायला निघालेला माणूस चरकाचा एक लाट धरून ठेवतो आणि उरलेले दोन त्याच्या बोटांवरून फिरतात.

दीड वर्षात बाबलची क्वार्टर अर्ध्या बाटलीवर आणि मग त्याच्याही पुढे गेली. पतपेढीचे साठ हजार थकले. एका खाजगी माणसाकडून शेकडा दहाने एक लाख घेतले, म्हणजे व्याजच महिन्याला दहा हजार, कमाई अठरा. आणि एक नवीन गोष्ट सुरू झाली, जी घरात फक्त बायकोच्या लक्षात आली. सकाळी उठल्यावर त्याचा हात थरथरायचा, चहाचा कप बशीवर वाजायचा, आणि दोन घोट घेतले की थरथर थांबायची.

ही थरथर लक्षात ठेवा. आजच्या लेखातली सर्वांत महत्त्वाची खूण हीच आहे. जो माणूस सकाळी हात स्थिर करण्यासाठी पितो, त्याचे शरीर आता दारूवर चालत असते. त्याची दारू एका झटक्यात बंद करणे ही पुण्याची नव्हे, जिवावरची गोष्ट आहे.

बाबलच्या घरी काय झाले? कर्जाची गोष्ट फुटली. भाऊ मुंबईहून आला. घरात रडारड झाली, आणि ठरले की आषाढीला पंढरपूरला न्यायचे आणि एकादशीला माळ घालायची. दशमीच्या रात्री त्याने शेवटची दारू घेतली. एकादशीला चंद्रभागेत स्नान, माळ, शपथ आणि निर्जळी उपवास. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आता शरीरात काय चालले होते ते पाहा. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, आधी आयुष्यात कधी आली नसली तरी. आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे लोक परतीच्या गाडीत किंवा घरी पोचलेले असतात तेव्हा, सर्वांत वाईट टप्पा येऊ शकतो. माणसाला दिवस-रात्रीचे भान राहत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, तो ओरडतो, धावतो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावतो.

आपल्याकडे या क्षणी काय होते ते तुम्हाला माहीत आहे. कोणी म्हणते देवचार लागला. कोणी म्हणते माळेचे नियम मोडले म्हणून शिक्षा. गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो, आणि त्यात ज्या तासांत त्याला इस्पितळात असायला हवे होते ते तास जातात. त्यात उपवासाची भर. खूप पिणाऱ्या माणसाच्या शरीरात बी-वन हे जीवनसत्त्व आधीच कमी असते, कारण तो नीट जेवत नसतो. ते फार कमी झाले तर डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, मन गोंधळते, आणि उशीर झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाते. अशा माणसाला एकादशी धरायला लावणे ही भक्ती नाही. आजारी माणसाला उपवासातून सूट देणारी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. मग दारूच्या आजाऱ्यालाच ती का नाही?

इस्पितळात हेच काम सुरक्षितपणे होते, आणि ते फार अवघडही नाही. डॉक्टर दारूची जागा घेणारे शांत करणारे औषध देतात आणि पाच-सात दिवसांत ते पायरीपायरीने कमी करत बंद करतात. बी-वनची इंजेक्शने देतात, आणि ती साखरेच्या सलाईनच्या आधी. नाडी, रक्तदाब, ताप पाहत राहतात. म्हणून गावच्या डॉक्टरांकडे नेलेत तर फक्त “अशक्तपणा आला आहे, सलाईन लावा” असे म्हणू नका. स्पष्ट सांगा: रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, सकाळी हात थरथरतो का, आधी कधी फीट आली होती का. ही चार उत्तरे औषधाइतकीच मोलाची आहेत. आणि डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्या दुकानातून परत परत आणून घेत राहू नयेत. त्यांचीही सवय लागते, आणि दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो.

आता दुसरा धोका. तो थरथरीसारखा डोळ्यांना दिसत नाही.

जुगाराचा आजार असलेल्या माणसांत आत्महत्येचा धोका फार मोठा असतो. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, इस्पितळाच्या नोंदीत जुगाराचे निदान झालेल्या माणसांत आत्महत्येने होणारे मृत्यू इतर लोकांच्या सुमारे पंधरा पट आढळले. कारण एकटे कर्ज नाही. नैराश्य मरण जवळचे वाटायला लावते, जुगार लाज आणि कर्ज आणतो, आणि दारू शेवटचा लगाम सोडते. तिन्ही एका माणसात जमली की एक वाईट रात्र पुरते. आणि ती रात्र कोणती, हे थोडेफार आधी सांगता येते. मोठी रक्कम हरल्याचा दिवस. घरात सगळे उघडे पडल्याचा दिवस. सावकाराचा माणूस दारात येऊन ओरडून गेल्याचा दिवस. आणि शपथ मोडल्याचा दिवस.

या शेवटच्या दिवसाबद्दल मला आपल्या दिंड्यांशी, फडांशी भांडायचे आहे. व्यसनाच्या आजारात पुन्हा पाय घसरणे हे नेहमीचे आहे. उपचार घेतलेल्यांचेही घसरतात, तेव्हा डॉक्टर उपचार बदलतात आणि पुढे जातात. पण आपण माळ घालताना या घसरण्याला काही जागाच ठेवलेली नसते. मग माणूस काय करतो? माळ काढून खुंटीला अडकवतो, पिऊन येतो, आणि परत गळ्यात घालतो. आता त्याच्याकडे लपवायच्या तीनऐवजी चार गोष्टी झाल्या. ज्या भजनी मंडळात त्याला आधार मिळणार होता, तिथेच जायची त्याला लाज वाटते. आपण त्याला “माळ बाटवली” म्हणतो. आधीच स्वतःला निकामी समजणाऱ्या माणसाला देवाने टाकल्याची भावना देण्याइतके क्रूर काम दुसरे नाही, आणि ते काम आपण धर्माच्या नावाने करतो.

तर मग तातडी कधी समजायची? मी सरळ सांगतो. माणूस मरणाविषयी बोलू लागला, मग ते रागात असो, नशेत असो की चेष्टेत, तर तो दिवस वाया घालवू नका. “माका आता जगान काय करूचा?” किंवा “मी नसलंय तर तुमचा बरा होतला” हे वाक्य टोमणा म्हणून सोडून द्यायचे नसते. विम्याची कागदपत्रे अचानक काढून बघणे, आवडत्या वस्तू देऊन टाकणे, मुलांना उगाच जवळ घेऊन निरोप घेतल्यासारखे बोलणे, आणि फार दिवसांच्या तळमळीनंतर एकाएकी विचित्र शांत होणे, ही सगळी त्याच वाटेवरची पावले असू शकतात. दारू थांबवल्यावर फीट, भास, ताप किंवा भ्रम दिसला तर तीही त्याच क्षणाची तातडी. आणि आणखी एक रूप, जे पटकन ओळखू येत नाही. माणूस दोन-तीन तासच झोपतो तरी थकत नाही, अखंड बोलतो, मोठमोठे बेत करतो, आपण हरूच शकत नाही असे म्हणत जमीन विकून पैसे लावायला निघतो. हे उन्मादाचे लक्षण असू शकते. अशा माणसाला फक्त नैराश्याची गोळी दिली तर उन्माद वाढू शकतो, म्हणून त्याला मनोविकारतज्ज्ञच हवा.

यांपैकी काहीही दिसले तर काय करायचे? त्याला एकटे सोडू नका, रात्री तर मुळीच नाही. सरळ विचारा, “मरायचा विचार मनात येतो का? कसा करायचा ते ठरवलंय का?” विचारल्याने विचार सुचतो ही भीती खोटी आहे, विचारल्याने बहुतेकांना हलके वाटते. आंबा-काजूच्या बागेची फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. गाडीची किल्ली आणि घरातली दारू काढून घ्या. पण वर सांगितलेली सकाळची थरथर असेल तर दारू काढून घेऊन त्याला घरी ठेवू नका, सरळ इस्पितळात न्या. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका मिळते, ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. शिरोड्याचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. पुढे सावंतवाडी, ओरोसचे जिल्हा रुग्णालय, आणि आपल्या भागातली माणसे नेहमी जातात ते गोव्यातले बांबोळी. बांबोळीला मनोविकारांची स्वतंत्र संस्थाही आहे. रात्री कोणाशी बोलायचे हे कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. फोन त्या माणसानेच करायला हवा असे नाही, बायको किंवा भाऊही करू शकतो.

लोक पोलिसांना भितात म्हणून उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर तो तीव्र ताणाखाली होता असे मानले जाते आणि त्याबद्दल खटला चालवायचा नसतो. इस्पितळ पोलिसांना कळवते, पोलीस जबाब घेतात, एवढ्याने घाबरू नका. डॉक्टरांसमोर “मटका खेळतो” म्हटले म्हणून ते गुन्हा नोंदवायला निघत नाहीत. उपचाराची माहिती गुप्त ठेवणे त्यांना बंधनकारक आहे.

जिथे अशी तातडी नाही पण तीन लाटांपैकी दोन दिसताहेत, तिथे महिनाभर थांबू नका, त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ गाठा. आणि डॉक्टरांना तिन्ही गोष्टी सांगा. उदास वाटते म्हणून गेलेला माणूस जुगार लपवतो, पोट दुखते म्हणून गेलेला दारू लपवतो, आणि औषध अर्ध्याच आजारावर चालते. कधी कधी दारू सुटल्यावर दोन-चार आठवड्यांत उदासी बरीच ओसरते. कधी ओसरत नाही, तेव्हा तिच्यावर वेगळे औषध लागते. हा फरक डॉक्टरांना पाहता यावा लागतो. जुगारासाठी हमखास बरे करणारी एखादी गोळी नाही. समुपदेशनाने, म्हणजे खेळायची ओढ कोणत्या वेळी, कोणत्या भावनेनंतर येते ते ओळखून ती वेळ दुसऱ्या रीतीने काढायला शिकण्याने, अनेकांना गुण येतो. आणि घरातल्या एखाद्या आजोबांना कंपवाताची गोळी सुरू झाल्यावर म्हातारपणी अचानक जुगाराचा नाद लागला, तर त्यांना बोल लावू नका. त्या आजाराच्या काही औषधांचा तो ज्ञात दुष्परिणाम आहे. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.

कर्जाबद्दल एकच गोष्ट. भावाने एकरकमी सगळे फेडले की घराला वाटते सुटलो. खेळणाऱ्याच्या मनाला मात्र नवीन पाटी कोरी मिळते आणि तो परत लावतो. कर्जाची पूर्ण यादी लिहून काढा, पगार आणि बँकेचे कार्ड काही काळ बायकोच्या हाती द्या, पतपेढीशी हप्ते ठरवा. परवाना नसताना शेकडा दहाने पैसे लावणाऱ्याविरुद्ध तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. ती त्याच्या आत्महत्येच्या धोक्यावरचीही एक मात्रा आहे, कारण दारात येणारा माणूस थांबतो.

आता आपल्या संप्रदायाकडे माझी मागणी. व्यसनी माणूस माळ घालायला आला की त्याच्या घरच्यांना तीन प्रश्न विचारा. सकाळी हात थरथरतो का? मरणाचे बोलतो का? डॉक्टरांनी पाहिले का? पहिल्या दोनपैकी एकाचेही उत्तर हो असेल तर त्या एकादशीला माळ घालू नका. त्याला म्हणा, “आधी इस्पितळात जा, आम्ही सोबत येतो. पुढची एकादशी कुठे जात नाही.” मंडळातल्या एका माणसाने इस्पितळात त्याच्या उशाशी बसावे. बरा होऊन आला की माळ घालावी, आणि घालताना सांगावे की पाय घसरला तर माळ लपवू नकोस, त्याच दिवशी आमच्याकडे ये. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच शिकवत आले आहे, की व्यसन हा आजार आहे आणि घसरलेल्याला परत बोलवायचे असते. आपण तर घसरलेल्याला परत बोलवणाऱ्या देवाची माणसे.

पुढच्या वेळी कोणी ते वाक्य म्हटले, “त्याला माळ घाला, सगळे सुटेल,” तर गप्प बसू नका. विचारा, “सकाळी हात थरथरतो का रे त्याचा?”

राम कृष्ण हरी.